सरावपाठाच्या फाइलवरची तोंडी परीक्षा: परीक्षक काय विचारतात आणि उत्तर कसे द्यावे

बी.एड.च्या छात्राध्यापकाने सराव पाठांची फाइल जमा केली की काही दिवसांत तोंडी परीक्षा होते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनुसार दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे शाळेत काढावे लागतात. त्या काळातील कामाची नोंद म्हणजे ही फाइल. तिच्यात सूक्ष्म अध्यापनाचे पाठ, शाळेत घेतलेल्या पाठांची टाचणे, सहाध्यायींच्या पाठांची निरीक्षणे, घटक चाचणी, तिचा संविधान तक्ता आणि निकालाचे विश्लेषण असते. महाविद्यालयानुसार क्रम व नावे थोडी बदलतात, पण गाभा हाच राहतो.

बाहेरून आलेल्या परीक्षकाने छात्राध्यापकाला शिकवताना पाहिलेले नसते. त्यांच्यासमोर फक्त कागद असतो. त्यामुळे त्यांचे बहुतेक प्रश्न एकाच शंकेतून निघतात: टाचणात लिहिले ते वर्गात खरोखर घडले का, आणि ठरवल्याप्रमाणे घडले नाही तेव्हा शिकवणाऱ्याने काय केले? व्याख्या पाठ करून आलेले छात्राध्यापक इथेच अडखळतात, कारण व्याख्या त्यांच्याकडे मागितलेलीच नसते.

पुढील प्रश्न एकाच पाठाच्या आधाराने घेतले आहेत. विषय गणित, इयत्ता सहावी, घटक ‘अपूर्णांकांवरील क्रिया’, उपघटक भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज, पाठाचा वेळ ३५ मिनिटे. पाठ घेणारी छात्राध्यापिका व तिचा वर्ग नमुन्यादाखल आहेत. प्रश्न मात्र कोणत्याही विषयाच्या फाइलवर याच वळणाने येतात.

पहिला प्रश्न बहुधा उद्दिष्टांवर येतो. परीक्षक टाचणाचे पहिले पान उघडतात आणि विचारतात, “‘विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची बेरीज समजेल’ असे न लिहिता तुम्ही इतकी लांबलचक स्पष्टीकरणे का लिहिली आहेत?” नमुना उत्तर असे: “‘समजेल’ हे मला वर्गात दिसत नाही. विद्यार्थी दोन भिन्नछेद अपूर्णांकांचे समच्छेद अपूर्णांकांत रूपांतर करतो, बेरीज करण्याआधी उत्तर अर्ध्यापेक्षा मोठे येईल की लहान ते सांगतो, शाब्दिक उदाहरणातून बेरजेची मांडणी करतो, या गोष्टी मला पाहता येतात व तपासता येतात. म्हणून आकलन आणि उपयोजन या उद्दिष्टांखाली अशी स्पष्टीकरणे लिहिली.”

उत्तर बरोबर आहे, पण परीक्षक इथे थांबत नाहीत. ते उपयोजनाच्या स्पष्टीकरणावर बोट ठेवतात आणि म्हणतात, “हे तपासणारा प्रश्न या पाठात कुठे आहे, दाखवा.” पुष्कळ फाइली याच ठिकाणी उघड्या पडतात. उद्दिष्टांत उपयोजन लिहिलेले असते, पण मूल्यमापनाच्या रकान्यात नुसती आकडेमोडीची चार उदाहरणे असतात. छात्राध्यापिकेने टाचणात एक शाब्दिक उदाहरण घातले असेल, जसे की एका भांड्यात १/२ लीटर दूध आहे, त्यात १/३ लीटर आणखी ओतले तर एकूण किती, तर तिने पान उलटून ते दाखवावे. नसेल तर सरळ सांगावे: “शाब्दिक उदाहरण वेळेअभावी गृहपाठात गेले. त्यामुळे उपयोजनाचे उद्दिष्ट या तासात तपासले गेले नाही. दुसऱ्या दिवशी वह्या पाहून तपासले.” उद्दिष्ट साध्य झाले असे म्हणून पुढे जाणे महागात पडते, कारण पुढचा प्रश्न त्याचा पुरावा मागतो.

उद्दिष्टांना जोडूनच ब्लूमच्या वर्गीकरणावर एखादा प्रश्न येतो. १९५६ च्या मूळ वर्गीकरणात सर्वांत वरची पायरी मूल्यमापनाची होती. अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी २००१ मध्ये केलेल्या सुधारित मांडणीत ती सर्जनाची झाली आणि पायऱ्यांची नावे क्रियापदांच्या रूपात आली. उत्तरासाठी एवढे पुरते. “तुमच्या पाठात यातल्या कोणत्या पायऱ्या होत्या?” हा उपप्रश्न अधिक महत्त्वाचा. पस्तीस मिनिटांच्या एका पाठात सहाही पायऱ्या होत्या, असे कुणी सांगितले तर परीक्षकांचा फाइलीवरचा विश्वास कमी होतो.

यानंतर पूर्वज्ञान आणि विषयप्रवेश. प्रश्न असा येतो: “विद्यार्थ्यांना समच्छेद अपूर्णांकांची बेरीज येते, असे पूर्वज्ञानात लिहिले आहे. ते तुम्हाला कसे कळले?” “मागील इयत्तेत तो भाग आहे” हे उत्तर अपुरे आहे. पाठ्यपुस्तकात भाग असणे आणि मुलांना तो येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगले उत्तर असे: “पाठाच्या आदल्या दिवशी वर्गशिक्षकांशी बोलले. विषयप्रवेशात पहिले तीन प्रश्न त्यासाठीच ठेवले होते. १/५ अधिक २/५ किती, असे विचारून प्रत्येकाला उत्तर वहीत लिहायला सांगितले आणि बाकांमधून फिरून पाहिले. बहुतेकांनी ३/५ लिहिले. हात वर करायला सांगितले असते तर येणारेच हात दिसले असते.”

विषयप्रवेशाचा शेवटचा प्रश्न मुलांना अडवणारा असतो आणि त्यातून हेतुकथन निघते. या पाठात तो प्रश्न होता, १/२ अधिक १/३ किती? टाचणाच्या ‘अपेक्षित उत्तर’ रकान्यात ‘समस्यात्मक’ एवढेच लिहिण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्ष वर्गात मुले गप्प बसत नाहीत, ती २/५ असे ठणकावून सांगतात. परीक्षक नेमके हेच विचारतात: “मुलांनी २/५ सांगितले तेव्हा तुम्ही काय केलेत? ते उत्तर का आले असेल?”

या एका उत्तरावर परीक्षेचा बराच भाग ठरतो, म्हणून ते सविस्तर पाहायला हवे. नमुना उत्तर: “मुलांनी अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. एक अधिक एक दोन, दोन अधिक तीन पाच. अपूर्णांक ही एक संख्या आहे असे न पाहता, एकावर एक लिहिलेल्या दोन पूर्ण संख्या आहेत असे ती पाहत होती. समच्छेदाच्या बेरजेत अंशांची बेरीज करून उत्तर बरोबर येत होते, त्या सवयीनेही ही चूक घडते. मी ‘चूक’ म्हणाले नाही. २/५ फळ्यावर लिहिले आणि विचारले, २/५ हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान? पाचपैकी दोन म्हणजे निम्म्याहून कमी, हे मुलांनीच सांगितले. मग विचारले, आपल्याजवळ अर्धे होतेच, त्यात आणखी थोडे मिळवले, तरी उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसे? हे उत्तर बरोबर नाही, हे त्यांना स्वतःला पटल्यावर हेतुकथन केले.”

या उत्तरात चुकीचे कारण आहे, ती चूक मुलांनाच दिसेल असा प्रश्न आहे आणि त्यातून पाठ पुढे कसा सरकला हेही आहे. गणिताऐवजी विज्ञान वा मराठी असेल तरी छात्राध्यापकाला आपल्या पाठातील एक नेहमीची चूक या पद्धतीने सांगता आली पाहिजे.

शैक्षणिक साधनाबद्दलचा प्रश्न साधा वाटतो: “कागदाच्या पट्ट्याच का वापरल्या?” यावर “पाठ मनोरंजक होण्यासाठी” किंवा “मूर्ताकडून अमूर्ताकडे जाण्यासाठी” ही ठरावीक उत्तरे परीक्षकांनी शेकडो वेळा ऐकलेली असतात. साधन आणि आशय यांचा संबंध सांगणारे उत्तर असे असते: “प्रत्येक मुलाला एकसारख्या लांबीच्या तीन पट्ट्या दिल्या. एकीचे दोन समान भाग, दुसरीचे तीन समान भाग घडी घालून केले. अर्धा आणि एक तृतीयांश रंगवला. पण दोन्ही तुकडे मिळून किती, हे सांगायला कोणतीच पट्टी उपयोगी पडेना, कारण भाग वेगवेगळ्या आकाराचे होते. मग तिसऱ्या पट्टीचे आधी तीन आणि मग प्रत्येकाचे दोन असे सहा भाग केले. अर्ध्यात तीन भाग बसले, एक तृतीयांशात दोन. मिळून ५/६. छेद सारखा का करावा लागतो, हे इथे घडीतच दिसते.”

पुढे विचारले जाते: “वर्तुळाकृती का नाही घेतल्या?” उत्तर: “वर्तुळाचे तीन समान भाग मुलांना घडी घालून नीट करता येत नाहीत. भाग असमान झाले तर साधनच चुकीचे शिकवते.” पट्ट्यांमध्येही एक गफलत होते. त्या वेगवेगळ्या लांबीच्या कापल्या गेल्या तर एका पट्टीचे अर्धे आणि दुसरीचे अर्धे सारखे राहत नाही आणि मुले भलताच निष्कर्ष काढतात. मग परीक्षक साधनाची मर्यादा विचारतात. ती सांगता आली पाहिजे: “३/७ अधिक २/५ साठी पस्तीस भाग करावे लागतील. ते घडीने शक्य नाही. म्हणून तिसऱ्या उदाहरणापासून पट्ट्या बाजूला ठेवून सममूल्य अपूर्णांकांच्या मांडणीवर आले.” साधन कधी खाली ठेवायचे हे ठाऊक असलेला छात्राध्यापक क्वचित भेटतो, त्यामुळे असे उत्तर लक्षात राहते.

मार्गदर्शकांचे शेरे परीक्षक टाचणांइतक्याच काळजीने वाचतात. पहिल्या पाच-सहा पाठांवर “प्रश्न ठरावीक मुलांनाच विचारले”, “उत्तरांची पुनरुक्ती टाळावी”, “फलकलेखन वर्गाच्या शेवटपर्यंत दिसत नाही” असे शेरे असतील तर ते चिंतेचे कारण नाही. तोच शेरा पंधराव्या पाठावर पुन्हा असेल तर आहे. प्रश्न येतो: “तिसऱ्या पाठावरच्या या शेऱ्यानंतर तुम्ही काय बदललेत?”

नमुना उत्तर: “माझी सवय आधी मुलाचे नाव घेऊन मग प्रश्न विचारण्याची होती. नाव घेतले की बाकीची मुले विचार करणे सोडून देत. चौथ्या पाठापासून आधी प्रश्न, मग थोडे थांबणे आणि मग नाव, असा क्रम ठेवला. मागच्या दोन रांगांतील नावे टाचणाच्या समासात आधीच लिहून ठेवली. उत्तर पुन्हा म्हणण्याची सवय मोडायला जास्त वेळ लागला. मी प्रत्येक उत्तर मोठ्याने पुन्हा म्हणत असल्याने मुले एकमेकांचे ऐकतच नव्हती. आठव्या पाठापासून मागच्या बाकावरच्या मुलीला ‘ती काय म्हणाली ते सांग’ असे विचारू लागले.” समासातली नावे फाइलीत खरोखर असतील तर परीक्षक ती पाहतात. नसतील तर असे उत्तर देऊ नये.

फाइल उसनी असल्याची खूणही परीक्षकांना कागदावरच सापडते. पाठाची तारीख रविवारी किंवा शाळेच्या सुट्टीत पडते. पाठ्यपुस्तक बदलले असते, तरी टाचणात जुन्या पुस्तकातील पृष्ठक्रमांक असतो. टाचणातील पायऱ्यांची बेरीज ३५ ऐवजी ५० मिनिटे भरते. काही टाचणांत प्रत्येक प्रश्नाला मुलांनी जसेच्या तसे अपेक्षित उत्तर दिलेले असते. अशा ठिकाणी परीक्षक विचारतात, “या पाठाच्या दिवशी वर्गात किती मुले होती? फळ्यावर उजव्या बाजूला काय लिहिले होते?” ज्याने पाठ घेतला आहे त्याला हे आठवते. आकडा नेमका आठवला नाही तरी वर्ग आठवतो, आणि बोलण्यातून तो उमटतो.

सूक्ष्म अध्यापनावरचे प्रश्न तुलनेने ठरावीक असतात. ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झाली आणि तिच्याशी ड्वाइट अ‍ॅलन यांचे नाव जोडलेले आहे. भारतात रूढ असलेले चक्र ३६ मिनिटांचे: अध्यापन ६, प्रत्याभरण ६, पुनर्नियोजन १२, पुनरध्यापन ६ आणि पुनर्प्रत्याभरण ६. पुनर्नियोजनाला दुप्पट वेळ का, हा प्रश्न मात्र विचार करायला लावतो. उत्तर: “दोष ऐकून घेतल्यावर पाठाचा तेवढा भाग नव्याने मांडायचा असतो. तो वेळ कमी केला तर दुसऱ्यांदा तोच पाठ थोड्या अधिक वेगाने होतो, सुधारणा होत नाही.” एका वेळी एकच कौशल्य का, यालाही आपल्या अनुभवाचे उत्तर द्यावे. प्रश्नकौशल्याचा सराव करताना निरीक्षकाने फलकलेखनावरही बोट ठेवले तर छात्राध्यापकाचे लक्ष दोन्हीकडे विभागते आणि दोन्ही अर्धवट राहतात.

घटक चाचणीकडे छात्राध्यापक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि परीक्षक तिथेच हमखास थांबतात. “संविधान तक्ता आधी केला की प्रश्नपत्रिका?” या प्रश्नाचे उत्तर सगळे “तक्ता आधी” असेच देतात. ते खरे की नाही, हे बेरीज करून कळते. २५ गुणांच्या चाचणीत ज्ञानाला ५, आकलनाला ८, उपयोजनाला ८ आणि कौशल्याला ४ गुण ठरवले असतील, तर प्रश्नपत्रिकेतील प्रश्न त्याच हिशोबात बसायला हवेत. तक्त्यात उपयोजनाला ८ आणि प्रश्नपत्रिकेत एकच तीन गुणांचे शाब्दिक उदाहरण, असे आढळले की तक्ता नंतर जुळवला हे उघड होते. परीक्षेला जाण्यापूर्वी ही बेरीज छात्राध्यापकाने स्वतः एकदा करून पाहावी.

मग येतो निदानाचा प्रश्न: “संपादन चाचणी आणि नैदानिक चाचणी यांत फरक काय?” थोडक्यात उत्तर: संपादन चाचणी मुलाला किती आले ते सांगते आणि गुण देते. नैदानिक चाचणी कुठे अडले ते सांगते, तिथे गुणांना महत्त्व नसते. पण याच्यापुढे जाऊन फाइलमधील निकालच दाखवता आला तर उत्तर पूर्ण होते. नमुना असा:

“घटक चाचणीत आठ मुलांची भिन्नछेद बेरीज चुकली. सगळ्यांना शून्य गुण मिळाले, पण चूक एक नव्हती. पाच जणांनी १/२ अधिक १/३ चे उत्तर २/५ लिहिले होते. तिघांनी २/६ लिहिले होते. त्या तिघांना लसावि काढता येत होता, छेद सहा करायचा हेही माहीत होते. त्यांनी छेद बदलले, पण अंश तसेच ठेवले. म्हणजे १/६ अधिक १/६ केले. हे नक्की करण्यासाठी मी छोटी नैदानिक चाचणी घेतली. तिच्यात सममूल्य अपूर्णांक, समच्छेद बेरीज आणि लसावि यांचे वेगवेगळे प्रश्न ठेवले. पाच जणांना अपूर्णांकाचे आकारमानच जाणवत नव्हते, तिघांचा सममूल्य अपूर्णांक कच्चा होता.”

“मग उपचारात्मक अध्यापन काय केलेत?” या प्रश्नावर “तो पाठ पुन्हा शिकवला” हे सर्वांत कमकुवत उत्तर. दोन प्रकारच्या चुकांना एकच उपाय चालत नाही. नमुना उत्तर: “२/५ लिहिणाऱ्यांना बेरीज दिलीच नाही. आधी दोन दिवस अपूर्णांकांची अर्ध्याशी आणि एकाशी तुलना करायला दिली. २/६ लिहिणाऱ्यांना पट्टी दिली आणि अर्ध्या भागावर एक षष्ठांशाचा तुकडा ठेवायला सांगितले. तो पुरला नाही. किती तुकडे लागतील, हे मोजून त्यांनी तीन सांगितले, आणि अंश का बदलतो ते त्यांच्या ध्यानात आले. नंतर वेगळ्या संख्या घेऊन पुन्हा चाचणी घेतली. आठपैकी सहा जणांना जमले. दोघांना अजून जमत नव्हते, तशी नोंद केली आणि वर्गशिक्षकांना सांगितले.” शेवटचे वाक्य वगळण्याचा मोह होतो. ते ठेवावे. उपचारात्मक अध्यापनानंतर वर्गातील सगळी मुले पास झाल्याचा तक्ता अनुभवी परीक्षकांना खरा वाटत नाही.

वर्गशिस्तीचा प्रश्न एखादाच असतो: “एक मुलगा सतत बोलत होता, त्याला बाहेर काढलेत का?” शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मनाई आहे, हे माहीत हवेच. पण उत्तर तिथे संपू नये. “तो बोलत होता कारण त्याचे उदाहरण आधीच सुटले होते. त्याला शेजाऱ्याची घडी तपासायला सांगितली,” असे कारणासकट सांगितलेले उत्तर कायद्याच्या कलमापेक्षा जास्त सांगून जाते.

फाइलीबाहेरचा, उत्तर न येणारा प्रश्नही विचारला जातो, बहुधा एखाद्या शिक्षणतज्ज्ञाविषयी किंवा धोरणाविषयी. तेव्हा “हे मला ठाऊक नाही” असे लगेच सांगावे. अंदाजाने नाव घेतले की परीक्षक त्याच नावावर आणखी दोन प्रश्न विचारतात आणि उरलेला वेळ तिथेच जातो.

अखेरचा प्रश्न जवळजवळ ठरलेला: “हाच पाठ उद्या पुन्हा घ्यायचा झाला तर काय बदलाल?” “काहीच नाही” किंवा “आयसीटी वापरेन” ही दोन्ही उत्तरे पोकळ ठरतात. छात्राध्यापिकेचे उत्तर असे असू शकते: “पट्ट्या कापून आणि वाटून देण्यात आठ मिनिटे गेली. टाचणात तीन धरली होती. म्हणूनच शाब्दिक उदाहरण गृहपाठात ढकलावे लागले. पुढच्या वेळी पट्ट्या आधीच कापून, प्रत्येक बाकासाठी तीन-तीनचा गठ्ठा करून नेईन. आणि पहिले उदाहरण १/२ अधिक १/३ ऐवजी १/२ अधिक १/४ घेईन. तिथे अर्ध्याची एक घडी आणखी घातली की चार भाग होतात, फक्त एकाच अपूर्णांकाचा छेद बदलावा लागतो. दोन्ही छेद बदलण्याची पायरी त्यानंतर सोपी जाईल.” यावर परीक्षक विचारू शकतात, “मग १/२ अधिक १/४ ला मुले २/६ म्हणतील, तेव्हा?” उत्तर तयारच आहे: सहापैकी दोन हेही अर्ध्यापेक्षा कमीच, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा विचारता येतो.